अंगठा, पुढची फट आणि पक्के दात

"मुलगी साडेचार वर्षांची आहे, झोपताना अंगठा चोखते. दुधाचेच दात आहेत, पडतीलच ना?"

दात पडतील, पण जबडा तोच राहतो. तिला दाढा मिटायला सांगा आणि ओठ उचलून बघा. आमच्या लेकीच्या वरच्या-खालच्या पुढच्या दातांत पेन्सिल जाईल एवढी फट होती, अंगठ्याला घट्टा पडला होता. रागावलो की ती जास्तच चोखायची. मग तिला विचारूनच रात्री हातात सुती मोजा घालू लागलो. सवय सुटल्यावर फट वर्षभरात बरीच भरली. मात्र बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर ते सहसा आपोआप सुधारत नाही. मग बालदंतवैद्यांना दाखवाच, सहाव्या वर्षाच्या सुमारास पुढचे पक्के दात येण्याआधी.