मदत हवी आहे: चौदा क्लायंट, एकच डॅशबोर्ड, आणि एकाच सराफ बाजारातल्या दोन पेढ्या

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. जळगावात आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे. चौदा क्लायंटची फेसबुक आणि इन्स्टाग्रामची पानं सांभाळतो. त्यात दोन सराफी पेढ्या, अमळनेरची एक शाळा, सावद्याचे केळी निर्यातदार, भुसावळचा दातांचा दवाखाना, असे सगळे आहेत. सगळी पानं एका शेड्युलिंग टूलला जोडली आहेत. प्रत्येक पानाची रांग वेगळी आहे आणि प्रत्येक क्लायंटच्या नावाचं एक रंगीत लेबल केलंय.

आता अडचण सांगते. पोस्ट बघून मंजूर करता यावी म्हणून क्लायंटना आम्ही पाहुणा लॉगिन दिलं. आखाजीच्या आठवड्यात एका पेढीच्या मालकांचा फोन आला, "ताई, समोरच्यांनी मजुरीवर किती सूट ठेवलीय ते मला तुमच्याकडेच दिसतंय." दोन्ही दुकानं एकाच गल्लीत, समोरासमोर. दुसऱ्या पेढीची ती पोस्ट अजून बाहेरही पडलेली नव्हती. पहिल्यांनी स्वतःहून सांगितलं हा त्यांचा भलेपणा, पण हे परत होऊन चालणार नाही.

दुसरं म्हणजे, शाळेची 'प्रवेशाची शेवटची तारीख शनिवार' ही पोस्ट शुक्रवारच्या जागी लावली होती. ती सोमवारी गेली. लावताना शुक्रवारच होता, हे आम्ही दोघांनी पाहिलं होतं.

तिसरं, बहुतेक पानं आमच्या सहकारी ताईंनी स्वतःच्या फेसबुकवरून जोडली आहेत. त्यांचं लग्न ठरलंय, महिनाअखेरीस नाशिकला जाणार. त्या गेल्यावर या रांगांचं काय होईल?

पांझराकाठ (धुळे)

ताई, तुमचे रंग जवळजवळचे असतील. आम्ही सराफांना सोनेरी न देता एकाला जांभळा आणि एकाला काळा दिला. माणूस नाव वाचत नाही, रंग बघतो. आणि पाहुणा लॉगिन वगैरे भानगडच नको. क्लायंटचा आयडी-पासवर्ड घ्यायचा, क्रोममध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करायचं. याचं त्याला दिसायचा प्रश्नच येत नाही. मंजुरी व्हॉट्सॲपवर घ्या.

केळीबाग (रावेर)

आमच्याकडे पण हाच घोळ होता. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये व्यापाऱ्यांना लेबलं लावली: हिरवं म्हणजे गाडी भरली, पिवळं म्हणजे पैसे यायचे, लाल म्हणजे भाव ठरायचाय. पण वीसच लेबलं करता येतात. आम्ही व्यापारीवार लेबलं करत होतो, ती संपली. तुमच्या टूलमध्ये जास्त मिळतात का? असतील तर नाव सांगा.

तापीकाठ

दादा, आमचं पोस्ट लावण्याचं आहे, चॅटचं नाही. पण तुमचं लाल-पिवळं-हिरवं वाचून एक गोष्ट डोक्यात आली. तुम्ही रंग कामाच्या अवस्थेला दिलाय, आम्ही माणसाला.

गिरणाथडी (पाचोरा)

ताई, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तिथूनच सुरुवात करू.

रंग हा आपल्या डोळ्यांसाठी असतो, टूल त्यावरून कोणालाही अडवत नाही. सोनेरी लेबल काढून जांभळं लावलं तरी पाहुण्याला जे दिसायचं ते दिसणारच. त्याला काय दिसेल हे त्याची परवानगी कुठल्या पातळीवर दिलीय यावर ठरतं. बऱ्याच टूलमध्ये वर एक संस्था असते, तिच्या आत वेगवेगळ्या वर्कस्पेस किंवा गट, आणि गटाच्या आत पानं. तुम्ही पेढीच्या मालकांना संस्थेच्या पातळीवर 'फक्त बघणारा' केलं असणार. बघणारा असला तरी तो सगळ्यांचं बघतो. प्रत्येक क्लायंटची वर्कस्पेस वेगळी करा आणि पाहुण्याला फक्त त्याच वर्कस्पेसचं आमंत्रण द्या.

एवढं करूनही थांबू नका. जवळचा एखादा रिकामा ईमेल घ्या, त्याला 'पेढी एक'चा पाहुणा करा आणि इन्कॉग्निटो खिडकीत त्या ईमेलने आत शिरा. आधी कॅलेंडर बघा. मग फोटोंचा साठा उघडा, कारण तो बरेचदा सगळ्यांचा मिळून एकच असतो आणि 'पेढी दोन'चे हाराचे फोटो तिथे पडलेले असतात. मग शोधाच्या चौकटीत 'मजुरी' टाका. शेवटी लेबलांची यादी उघडा. ही यादी काही टूलमध्ये संस्थाभर सामायिक असते. म्हणजे पोस्ट दिसल्या नाहीत तरी तुमच्याकडे आणखी कोण कोण क्लायंट आहेत ते नावानिशी कळतं. म्हणूनच लेबलात क्लायंटचं नाव नको. क्लायंट वेगळा ठेवायला वर्कस्पेस आहे, रंग कामाची अवस्था दाखवायला ठेवा: मजकूर बाकी, फोटो बाकी, मंजुरीला पाठवली, मंजूर.

धुळ्याचे दादा म्हणतात त्यातलं ब्राउझर प्रोफाइल वेगळं ठेवणं चांगलंच आहे, मीही ठेवतो. पासवर्ड घेणं मात्र नको. एकाच लॉगिनवर तीन माणसं काम करायला लागली की पोस्ट कोणी लावली याची नोंद राहत नाही. क्लायंटने पासवर्ड बदलला की काम बंद, आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा कोड प्रत्येक वेळी त्यांच्या फोनवर.

पांझराकाठ

कोडचं खरं आहे. दवाखान्यावाल्या डॉक्टरांना मी दिवसातून दोनदा कोड मागतो, ते वैतागलेत. पण सगळ्यांसाठी वेगळी वर्कस्पेस म्हणजे वरचा प्लॅन घ्यावा लागतो. छोट्या गावात क्लायंट महिन्याला देतात किती?

गिरणाथडी

ते मान्य. मग निदान एकमेकांचे स्पर्धक असलेले दोन क्लायंट तरी वेगळे करा. ताईंच्या बाबतीत दोन पेढ्या. बाकीच्यांना पाहुणा लॉगिन न देता मंजुरीसाठी त्या पोस्टची लिंक किंवा पीडीएफ पाठवली तरी भागतं.

आता शाळेची पोस्ट. तुम्ही ती शुक्रवारच्या तारखेला बांधली नव्हती, रांगेत ठेवली होती. रांगेत पोस्टला तारीख नसते, नंबर असतो. समजा शाळेच्या जागा सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच अशा आहेत. सोमवारची पोस्ट गेल्यावर बुधवारी स्नेहसंमेलनाचे फोटो आणि शुक्रवारी प्रवेशाची पोस्ट, असा क्रम होता. मंगळवारी कोणीतरी एक पोस्ट 'आधी ही जाऊ दे' म्हणून रांगेच्या डोक्यावर टाकली. ती बुधवारी गेली, फोटो शुक्रवारी सरकले आणि प्रवेश गेला सोमवारवर. हालचालींची नोंद उघडून मंगळवार-बुधवारचं बघा, अशी एक भर तिथे सापडेल. उलटंही होतं. मधली पोस्ट कोणी काढली की खालची वर येते आणि 'आज आखाजी'ची पोस्ट दोन दिवस आधीच जाते.

म्हणून सण, शेवटची तारीख, आजचा सोन्याचा भाव, दवाखाना बंदची सूचना, असं जे काही दिवसाशी बांधलेलं आहे ते ठरावीक तारीख-वेळ देऊनच लावायचं. रांगेत फक्त कधीही गेलं तरी चालेल असं ठेवायचं. आणखी एक सांगून ठेवतो. नवीन क्लायंट जोडला की त्याच्या रांगेचा टाइमझोन बघा. संध्याकाळी पाचची पोस्ट रात्री साडेदहाला गेली, म्हणजे बरोबर साडेपाच तास उशीर झाला, तर रांग UTC वर राहिलीय.

तापीकाठ

नोंद उघडली. मंगळवारी दुपारी शाळेच्याच एका मॅडमनी शिष्यवृत्तीच्या अभिनंदनाची पोस्ट वर टाकली होती. त्यांना पोस्ट टाकायची परवानगी आम्हीच दिली होती, आणि ती मंजुरीशिवाय थेट जात होती.

गिरणाथडी

मग त्यांची परवानगी 'मंजुरी लागेल' अशी करा. त्या लिहितील, रांगेत काय कुठे बसेल ते तुम्ही ठरवाल.

ढोलताशा (चाळीसगाव)

रंगांचं एक राहिलं. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्याने 'मंजुरीला पाठवली' आणि 'मंजूर' यांची अदलाबदल केली तेव्हा आम्हाला समजलं. तेव्हापासून लेबलाच्या सुरुवातीला आकडा टाकतो: १ मजकूर, २ फोटो, ३ मंजुरी, ४ मंजूर. फोनवर छोट्या पडद्यावर तर नुसता ठिपका दिसतो, तिथेही आकडा उपयोगी पडतो.

तापीकाठ

छान आहे, करते. सहकारी ताईंच्या लग्नाचं तेवढं सांगा ना कोणीतरी.

गिरणाथडी

हे जरा सावकाश करा. पान टूलला जोडताना जी परवानगी मिळते ती ज्या माणसाने जोडलं त्याच्या फेसबुक प्रोफाइलवर उभी असते. त्या ताईंनी पासवर्ड बदलला किंवा क्लायंटने त्यांना पानावरून काढलं, की ती परवानगी मोडते. रांगा तशाच भरलेल्या दिसतात, फक्त पोस्ट जात नाहीत. टूल 'पुन्हा जोडा' असा ईमेल पाठवतं, पण तोही ताईंच्याच ईमेलवर.

आधी हक्काचा पाया नीट करा. पान क्लायंटच्या स्वतःच्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे फेसबुकवरच्या त्यांच्या धंद्याच्या खात्यात असावं. तुमच्या ऑफिसचा वेगळा पोर्टफोलिओ असावा, त्याचा एक आयडी असतो. क्लायंटने त्यांच्या Business settings मध्ये Partners उघडायचं, Add करून 'Give a partner access to your assets' निवडायचं, तुमचा आयडी टाकायचा आणि त्यांच्या पानावर कंटेंटची परवानगी द्यायची. नंतर ते पान तुमच्यातल्या कोणी सांभाळायचं ते तुम्ही तुमच्याकडून ठरवता. माणूस बदलला तर क्लायंटला काही करावं लागत नाही.

ते झालं की तुमच्या प्रोफाइलवरून पानं पुन्हा जोडा, ताई ऑफिसात असतानाच. इथे एक मोठा खड्डा आहे. जोडताना फेसबुक पानांची यादी दाखवतं आणि टिक करायला सांगतं. आज फक्त शाळेचं जोडायचंय म्हणून एकट्या शाळेवर टिक केली, तर आधी त्याच प्रोफाइलने त्या टूलला दिलेली बाकीच्या पानांची परवानगी निघून जाते. शाळा चालू आणि उरलेले बंद. जुन्या टिक तशाच ठेवून नवीनची भर घालायची. एकेक क्लायंट घेऊन पोस्ट जातेय का बघा आणि सगळे झाल्यावरच ताईंना काढा.

पांझराकाठ

माझ्या एका क्लायंटचं पान त्यांच्या भाच्याच्या प्रोफाइलवर आहे. भाचा सुरतला असतो, फोन उचलत नाही. तिथे पार्टनर कसं करणार?

गिरणाथडी

पानावर दुसऱ्या कोणाला पूर्ण अधिकार नसेल तर भाच्याला गाठण्यावाचून माझ्याकडे उपाय नाही. कोणी यातून वाट काढली असेल तर लिहा.

तापीकाठ

दोन्ही पेढ्यांच्या वर्कस्पेस आज वेगळ्या केल्या. रिकाम्या ईमेलने आत जाऊन बघितलं. कॅलेंडर स्वच्छ आहे, शोधातही काही येत नाही. फोटोंच्या साठ्यात मात्र समोरच्यांचे दोन हार अजून दिसताहेत, तो साठा टूलमध्ये वेगळा करता येतो का हे कंपनीला विचारलंय. पार्टनरसाठी उद्या शाळेपासून सुरुवात करतेय. एक प्रश्न अजून उरतो: सोन्याचा भाव सकाळी दहाच्या आत टाकायचा असतो आणि मंजुरी देणारे मालक अकराला दुकानात येतात. भावाच्या पोस्टना मंजुरीतून सूट देणारं कोणी आहे का, आणि आकडा चुकला तर जबाबदारी कोणाची ठरवता?