मदत हवी आहे: «शलोनिच»ला उत्तर काय द्यायचं?

घाईगडबड: ऑफिसच्या क्लायंटकडून व्हॉट्सॲपवर आलंय: `shlonich?` बाकी काहीच नाही. अर्थ काय आणि उत्तर काय द्यायचं? लवकर सांगा, ब्लू टिक दिसून गेलीय.

टपरीवाला: सलाम केलाय. «वालेकुम अस्सलाम» म्हणा नि सुटा.

कोकणी_कुवेतकर: अहो, हा सलाम नाहीच. क्लायंट कुठला? पुरुष की बाई?

घाईगडबड: कुवेतची. बाई आहे, माझ्याच वयाची असेल. त्याने काय फरक पडतो?

हिशोबनीस: लोनबद्दल विचारतेय का? आमच्याकडे रोज असे मेसेज येतात. ब्लॉक करा.

कोकणी_कुवेतकर: 😄 हा लोन वेगळा, अरबीत लोन म्हणजे रंग. शब्दशः «तुझा रंग कसा?», पण विचारायचं असतं «कशी आहेस?» एवढंच. इराक, कुवेत, बहरीनकडे सर्रास चालतं. मित्रा, उत्तर दे: «झेन, अल्हम्दुलिल्ला. इंता शलोनक?»

घाईगडबड: मित्रा नाही, मैत्रीण!

कोकणी_कुवेतकर: अरे, शेवटचा «इच» बघायलाच हवा होता! तो बाईलाच लागतो, पुरुषाला «शलोनक». मग तुम्ही «झेना» म्हणा, आणि तीही बाई, म्हणून «इंती शलोनिच?» उलट विचारायला विसरू नका, नुसतं «झेना» कोरडं वाटतं.

नाईलकाठ: मी कैरोत होतो, तिथे हे कोणी बोलत नाही. तिथे पुरुषाला «इझय्यक», बाईला «इझय्यिक». पुस्तकी «कैफ हालुक» शिका, सगळीकडे चालतं.

कोकणी_कुवेतकर: चालतं हो, पण तिने घरगुती बोलीत विचारलंय. त्यावर पुस्तकी उत्तर म्हणजे «काय गं, बरी आहेस ना?»ला «मी कुशल आहे» म्हणण्यासारखं.

टपरीवाला: रंग का विचारतात माहितीय? साथीच्या काळात चेहरा पिवळा पडलाय का ते बघायचे, त्यावरून.

नाईलकाठ: फॉरवर्डमधली गोष्ट आहे ती. पुरावा दाखवा.

घाईगडबड: ते नंतर भांडा. माझी पाठ धरलीय, ते सांगू का?

कोकणी_कुवेतकर: नको! खरंच बरं नसलं तरी आधी «अल्हम्दुलिल्ला». ती लगेच «शखबारिच?» विचारेल, म्हणजे काय खबर. मग घरच्यांबद्दल. प्रत्येकाला पुन्हा तेच उत्तर, कामाचं त्यानंतर. पाठीचं ओळख वाढल्यावर. आणि एखाद्या कुवेती पुरुषाशी बोलताना त्याच्या बायकोबद्दल थेट विचारू नका, «घरचे कसे आहेत» पुरे.

घाईगडबड: पाठवलं. तिचा फक्त 🌹 आलाय. आता याला काय पाठवू?

हिशोबनीस: म्हणजे लोन नाहीच?