घरगुती डॉग फूडचा डबा

"पुण्यात फ्लॅटमध्ये राहते, प्राणी जीव की प्राण, दहा-पंधरा हजारात काय सुरू करू? कुत्र्यांचं वॉकिंग की त्यांच्यासाठी घरचं जेवण?"

मी दोन्ही केलंय, वॉकिंगला खर्च नाही पण पावसाळ्यात हाल होतात, म्हणून डब्याबद्दलच लिहिते.

सगळे चिकन-भात विकतात आणि तिथेच चुकतात. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाही, त्यामुळे महिनोन्महिने तेवढंच खाल्लं तर हाडं कमजोर होतात, पिल्लांना तर लवकर त्रास होतो. म्हणून "पूर्ण आहार" असं लिहून विकू नका, नेहमीच्या खाण्यावर घालायचं टॉपिंग म्हणून विका. पूर्ण जेवण द्यायचंच असेल तर व्हेटकडून रेसिपी ठरवून घ्या, अंदाजपंचे नको.

माझी पहिली बॅच एक किलो बोनलेस चिकन, पाव किलो लाल भोपळा, थोडी गाजरं, सगळं नुसत्या पाण्यात शिजवलेलं. मीठ, कांदा, लसूण काहीच नाही, कांदा-लसणाने तर कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, हे घरातल्या स्वयंपाकीण मावशींना दहादा सांगावं लागतं! शिजलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. गार झालं की १०० ग्रॅमची पाकिटं करून थेट फ्रीझरमध्ये, तारीख लिहून. वितळवलेलं दोन दिवसांत संपवायला सांगा, परत गोठवायचं नाही.

नवीन गिऱ्हाईकाला पहिले दोन-तीन दिवस एकच चमचा. आमच्या शेजारच्या लॅब्राडोरला पहिल्याच दिवशी अख्खं पाकीट घातलं, रात्रभर जुलाब, आणि फोन मला.