पीसीए पंपाचं बटण फक्त पेशंटनेच दाबायचं

"आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती झोपलेली असताना मी दुखणं कमी करणारं औषध सोडणाऱ्या पीसीए पंपाचं बटण दाबलं तर चालेल का?"

नाही ताई, अजिबात दाबू नका. समजा पंपात मॉर्फिन आहे, एका दाबाला 1 मिग्रॅ आणि लॉकआउट 8 मिनिटं, तर तेवढ्या वेळात दहादा दाबलं तरी औषध एकदाच जातं, म्हणून आईंना सांगा दुखायला लागलं की दाबा, सहन करत बसू नका, चालायला उठायच्या थोडं आधीही दाबा. पण पेशंट किती गुंगीत आहे ते लॉकआउटला कळत नाही. गुंगी आली की दाबणारा हात आपोआप थांबतो, खरी सेफ्टी ती, तुम्ही दाबलंत की ती गेली आणि श्वास मंदावू शकतो. हाक मारूनही नीट जाग येत नसेल तर लगेच नर्सला बोलवा.