क्विक रेशो 4 च्या वर आहे म्हणून ग्राहकांची गळती, म्हणजे चर्न, विसरायचा का?

ज्या पोस्टवरून हे सुरू झालं (डोंबिवलीचा_फाउंडर):
"चर्न चर्न करून डोकं उठवणाऱ्यांसाठी. आमचं क्लिनिकचं सॉफ्टवेअर, महिन्याच्या सुरुवातीला एमआरआर, म्हणजे दरमहाची वर्गणी, 12 लाख. महिन्यात नवीन 1.85 लाख, जुन्या ग्राहकांकडून वाढीव, म्हणजे एक्स्पान्शन, 45 हजार. गेले 38 हजार, डाउनग्रेड 12 हजार. आलेले भागिले गेलेले, क्विक रेशो 4.6. इन्व्हेस्टर 4 मागतात, आम्ही पास. सगळा पैसा सेल्सवर लावतोय, ग्राहक टिकवायला कस्टमर सक्सेसला माणूस घेणार नाही. कुणाला काही म्हणायचं असेल तर आकड्यात म्हणा."

मीनल_हिशेबवाली:
आकड्यातच म्हणते. तुझा 4.6 बरोबर आहे, त्यात खोट नाही. खोट ही की या रेशोमध्ये तुझे 12 लाख कुठेच नाहीत. वर काय आलं, खाली काय गेलं, संपलं. किती मोठ्या धंद्यातून गेलं हे तो विचारतच नाही. ते मी विचारते. 12 लाखांतून 50 हजार म्हणजे महिन्याला 4.2 टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हाच दर बारा महिने चालला तर आजच्या 100 रुपयांतले वर्षाअखेर साधारण 60 उरतात. 40 टक्के धंदा दर वर्षी नव्याने उभा करायचा आणि वर वाढ दाखवायची, कर बाबा.

आता पुढचं बघ. तुझी सेल्स टीम महिन्याला 2.30 लाखच आणते असं धर आणि गळतीचा दर तोच ठेव. सात-आठ महिन्यांत तू 24 लाखांवर जाशील, टाळ्या वाजतील, पण तेव्हा महिन्याला 1 लाख जात असतील आणि रेशो 2.3 असेल. कुणी काही बिघडवलेलं नसेल, प्रॉडक्ट तेच, सपोर्ट तोच, फक्त बेस मोठा झालेला. आणि 55 लाखांच्या आसपास जेवढं येतं तेवढंच जातं, रेशो 1, गाडी जागेवर उभी. म्हणजे आज तुला 4.6 दिसतोय तो तुझी कंपनी लहान आहे म्हणून दिसतोय, चर्न चांगला आहे म्हणून नाही.

डोंबिवलीचा_फाउंडर:
व्वा, एक्सेलमध्ये सगळेच भविष्य सांगतात. सेल्स टीम आठ महिने तेवढंच आणेल हे कुणी ठरवलं? माणसं वाढवतोय म्हणूनच तर पैसा तिकडे लावतोय. आणि 4 चा आकडा मी घरी शिजवलेला नाही, मामून हमीद सोशल कॅपिटल या गुंतवणूक फर्ममध्ये होता तेव्हा 2015 च्या सुमारास त्यानेच हा रेशो गाजवला, आख्खी व्हॅली तो लावते.

मीनल_हिशेबवाली:
लावू दे की. तो व्हीसी होता, त्याला पैसे घालायला झपाट्याने वाढणाऱ्या कंपन्या निवडायच्या होत्या, त्यासाठी आकडा उत्तम आहे. तू त्यावरून माणूस घ्यायचा की नाही ठरवतोयस, हा वेगळा प्रश्न. माणसं वाढवून रेशो टिकेलही, पण मग बेस दुप्पट झाला की नवीन विक्रीही दुप्पट लागते, निव्वळ तिथेच राहायला.

सी_ए_आबा:
क्विक रेशो काढताना इन्व्हेंटरी वजा केली का? आणि 1 च्या वर असला की पुरे, 4 म्हणजे रोकड पडून आहे, एफडी तरी करा. हल्लीच्या मुलांना ताळेबंद वाचता येत नाही हे माझं जुनं दुखणं आहे.

कोल्हापुरी_कोडर:
आबा तो तुमचा ॲसिड टेस्टवाला, हा त्याचा फक्त नावभाऊ. इथे ताळेबंदच नाही, नुसती वर्गणीची आवकजावक आहे.

सी_ए_आबा:
मग नाव तरी दुसरं ठेवायचं. असो. या आवकजावकीत जीएसटी धरून मोजताय का धरून नाही, हे तरी कुणी सांगेल का? माझा एक क्लायंट 18 टक्के धरून एमआरआर सांगत हिंडत होता.

मीनल_हिशेबवाली:
आबा, जीएसटी वगळूनच. रेशोत तो वर-खाली दोन्हीकडे असेल तर कटतो म्हणून पकडला जात नाही, पण एमआरआर मात्र फुगतो. हे तुम्ही बरं काढलंत.

ठाणे_ते_न्यूजर्सी:
मीनलताईंच्या गणितात एक गडबड आहे. एक्स्पान्शन जुन्या ग्राहकांकडून येतं, मग बेस वाढला की तेही वाढणार ना? तुम्ही ते 45 हजारावर गोठवून ठेवलंत आणि गळती मात्र वाढवत नेलीत. हा अन्याय आहे.

मीनल_हिशेबवाली:
मुद्दा मान्य. बेसच्या प्रमाणात वाढवू. 24 लाखांवर एक्स्पान्शन 90 हजार धरलं तर 2.3 च्या जागी 2.75 येतो. बुडायचा वेग कमी झाला, दिशा तीच. पण डोंबिवलीकर, आधी एक सांग, हे 45 हजार आले कुठून? क्लिनिकने डॉक्टर वाढवले, दुसरी शाखा जोडली की तुम्ही भाव वाढवलात?

डोंबिवलीचा_फाउंडर:
जुन्या प्लॅनवाल्यांचा भाव वाढवला. त्यात काय? पैसे आलेच ना?

मीनल_हिशेबवाली:
आले. एकदाच आले. पुढच्या महिन्यात त्याच क्लिनिकचा भाव पुन्हा वाढवणार आहेस का? तो काढून बघ, 1.85 भागिले 0.50, रेशो 3.7. तुझ्याच फूटपट्टीने नापास. आणि डाउनग्रेडचे 12 हजार भाववाढीमुळेच झालेत का ते तारखा लावून तपास. माझा अंदाज आहे झालेत. ज्यांनी गुपचूप भरलं त्यातले काही दोन-तीन महिन्यांनी जातील, ते या महिन्याच्या रेशोत दिसणारच नाहीत.

ठाणे_ते_न्यूजर्सी:
आमच्याकडे उलटी गंमत होती. सगळे करार वार्षिक. बोर्डाच्या स्लाइडवर रेशो 11, सगळे खूश, सीईओने तो आकडा ईमेलच्या सहीतच टाकायचा बाकी होता. खरं काय तर त्या तिमाहीत रिन्यूअलला आलेले करार जेमतेम दहावा हिस्सा होते, जायची मुभाच इतरांना नव्हती. मोठी रिन्यूअल तिमाही आली आणि 11 चा 2 झाला. तेव्हापासून आम्ही गेलेल्या रकमेला आख्ख्या बेसने नाही, त्या तिमाहीत रिन्यूअलला आलेल्या रकमेने भागतो. आणि रेशो मागच्या चार तिमाह्या मिळून काढतो, एकट्या महिन्याचा नाही.

पणजीकर:
डॉलरमध्ये बिल असेल तर एकच रेट धरा रे. रुपया घसरला की आमच्या डॅशबोर्डवर आपोआप एक्स्पान्शन यायचं, ग्राहकाला पत्ताच नाही.

लातूरचा_सेल्स:
सगळे हिशेबवाले जमलेत म्हणून विचारतो. आम्ही कोचिंग क्लासेसना सॉफ्टवेअर विकतो. नीटची परीक्षा झाली की मे महिन्यात क्लासवाले बंद करतात, जूनमध्ये बॅच सुरू झाली की परत घेतात. 40 क्लास, अडीच हजाराने 1 लाख. परत आलेला क्लास नवीन धरायचा की नाही? आमचा फायनान्सवाला नाही म्हणतो, म्हणून माझा इन्सेंटिव्ह कापला. उन्हात पुन्हा दारोदार मी फिरलो, तो एसीत बसला होता.

कोल्हापुरी_कोडर:
नवीन कसा धरणार? डेटाबेसमध्ये कस्टमर आयडी तोच आहे, लॉगिनसुद्धा जुनंच.

लातूरचा_सेल्स:
आयडी तुझा, चप्पल माझी झिजली. पुन्हा डेमो, पुन्हा भाव, शेजारच्या क्लासने दुसरं स्वस्त घेतलं ते पुन्हा ऐकायचं. विक्रीच आहे ती.

मीनल_हिशेबवाली:
लातूरकर, तुमचा राग बरोबर जागी आहे पण रेशोवर काढू नका. नवीन धरलं तर काय होतं बघा. मेमध्ये 1 लाख गळतीत, जूनमध्ये 1 लाख नवीन. मेचा रेशो रसातळाला, जूनचा आभाळाला, दोन्ही खोटे. वर्षाचा काढला तरी निस्तरत नाही. समजा खरी नवीन-वाढ 6 लाख आणि खरी गळती 1.5 लाख, रेशो 4. त्यात हे ये-जा करणारे टाका, 7 भागिले 2.5, म्हणजे 2.8. काहीच घडलं नाही आणि कंपनी आजारी दिसायला लागली. म्हणून ठरलेल्या सुट्टीला पॉज म्हणायचं, दोन्हीकडून वगळायचं, 90 दिवसांत परत नाही आला तर मग गेला. इन्सेंटिव्ह वेगळ्या शीटवर काढा, तो तुमचा हक्कच आहे.

ठाणे_ते_न्यूजर्सी:
आणि 90 दिवसांचं पॉज म्हणजे गळती लपवायचं उत्तम कपाट. मी पाहिलंय, एका कंपनीत तिमाही संपायच्या आठवड्यात जाणाऱ्या प्रत्येकाला "पॉज करता का?" विचारायचे, फुकटात. रेशो झकास.

मीनल_हिशेबवाली:
होतं तसं. म्हणून पॉजमध्ये किती एमआरआर पडून आहे ते रेशोच्या शेजारी दाखवायचं. मे सोडून ऑक्टोबरमध्ये पॉज वाढला तर कुणीतरी कपाट भरतंय.

लातूरचा_सेल्स:
म्हणजे शेवटी वेगळी शीट. ती शीट कोण बनवणार? तोच एसीवाला. जय हो.

कोल्हापुरी_कोडर:
हे बघ, इन्सेंटिव्ह दिला की तुम्ही मुद्दाम क्लास बंद करायला लावून जूनमध्ये नवा करून आणाल.

लातूरचा_सेल्स:
तोंड सांभाळून. कधी एक क्लास विकलायस का आयुष्यात?

डोंबिवलीचा_फाउंडर:
अहो, धागा माझा होता. भांडण संपलं असेल तर सांगतो. तारखा लावून बघितल्या. 12 हजारांच्या डाउनग्रेडमधले 9 हजार भाववाढीचं पत्र गेल्यानंतरच्या तीन आठवड्यांतले निघाले. मीनलताईंना दिव्यदृष्टी आहे, अभिनंदन. तरी कस्टमर सक्सेसला माणूस लगेच घेत नाही. आधी गेलेल्या 38 हजारांतली क्लिनिक सुरू होऊन किती महिन्यांत गेली ते काढतो. पहिल्या तीन महिन्यांतच गेली असतील तर ते सेल्सचं पाप, चुकीच्या डॉक्टरला विकलंय, तिथे सक्सेसवाला येऊन काय दिवे लावणार?

मीनल_हिशेबवाली:
हा मात्र प्रश्न चांगला विचारलास. रेशोतून त्याचं उत्तर मिळणार नाही, कोहॉर्ट लाव, म्हणजे सुरू झालेल्या महिन्याप्रमाणे क्लिनिकचे गट करून कोण कधी गेलं ते बघ. आणि सेल्सला तीन महिन्यांच्या आत गेलेल्या क्लिनिकचा इन्सेंटिव्ह परत द्यावा लागेल असा नियम कर.

लातूरचा_सेल्स:
घ्या. आला पुन्हा सेल्सवर.