अनुभव धागा : बारावीच्या पेपरातलं पत्र – भावंडाला घरच्या सणाचं वर्णन

ओवी_मराठी

मी बारावीच्या मुलांना मराठी शिकवते. सराव पेपरात एक प्रश्न हमखास असतो : मामेबहिणीला किंवा चुलतभावाला पत्र लिहून तुमच्या घरच्या सणाचं वर्णन करा. मुलांना नमुना म्हणून देण्यासारखं एक चांगलं पत्र मला तयार करायचंय. तुम्ही असं पत्र कधी लिहिलं असेल, तपासलं असेल, शिकवलं असेल किंवा तुम्हाला खरंच कुणी पाठवलं असेल, तर अनुभव लिहा.

माझी अडचण सांगते. दहातल्या आठ पत्रांची सुरुवात ‘भारत हा सणांचा देश आहे’ अशी होते. मग गणपती केव्हा बसतो, का बसवतात, मोदक कसे लागतात. भाषा शुद्ध असते, मायनाही बरोबर असतो, पण मायना आणि सही झाकली तर उरतो तो निबंध. मुलांना नेमकं काय सांगावं म्हणजे त्याचं पत्र होईल?

जुना_परीक्षक

बरीच वर्षं पेपर तपासले आहेत, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

निबंध होतो याचं कारण भाषेत नाही. मुलगा परीक्षकासाठी लिहितो, बहिणीसाठी लिहीत नाही. मामेबहिणीला गणपती म्हणजे काय हे माहीत असतं. तिला माहीत नसतं ते एवढंच की तुमच्या घरी या वर्षी काय झालं. त्यामुळे लिहिण्याआधी मुलांना दोन प्रश्न विचारायला लावा : तिला आधीपासून काय ठाऊक आहे? आणि ती आली असती तर तिने काय पाहिलं असतं?

यात नातं कोणतं याला फार महत्त्व आहे. चुलतभावाचं आणि तुमचं कुळ एक, कुळाचार एक. त्याला गौरी कशा बसवतात हे सांगणं म्हणजे त्याला त्याचंच घर दाखवणं. मामेबहिणीचं घर वेगळं. तिच्याकडे खड्याच्या गौरी असतील आणि तुमच्याकडे मुखवट्याच्या. इथे वर्णनाला खरी जागा मिळते, कारण तिला ते नवं असतं. प्रश्नात नातं दिलेलं असतं, पण मुलं ते फक्त मायन्यासाठी वाचतात.

दुसरी गोष्ट तारखेची. परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुलं पत्रावर त्या दिवसाची तारीख टाकतात आणि खाली लिहितात, ‘कालच आमच्या गौरी गेल्या.’ तपासणाऱ्याच्या ते लगेच डोळ्यांत भरतं. सणानंतरच्या दोन-तीन दिवसांतली तारीख घालावी.

कोकणकन्या

आमच्याकडे खड्याच्याच गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे, आणताना बोलायचं नाही, वाटेत कुणी हाक मारली तरी नाही. लग्नानंतर सासरी उभ्या गौरी पाहिल्या तेव्हा मी नुसती बघत राहिले होते. त्या वर्षी माझ्या आतेबहिणीला मी लांबलचक पत्र लिहिलं होतं, पण त्यात पूजेचं काहीच नव्हतं. साडी नेसवायला किती पिना लागतात आणि मुखवटा बसवताना सासूबाई श्वास कशा रोखून धरतात, एवढंच होतं. तिने ते अजून जपून ठेवलंय. परीक्षेत याला किती गुण मिळाले असते कोण जाणे!

शिस्तप्रिय

सगळे मजकुराबद्दल बोलत आहेत, पण गुण आराखड्यावर जातात. पत्ता आणि दिनांक उजव्या कोपऱ्यात. मोठ्या भावाला ‘तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार’. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. एवढं बरोबर असेल तर मजकूर साधा असला तरी चालतो.

जुना_परीक्षक

मायना-समारोपाला गुण असतात, हे मान्य. पण ‘तीर्थरूप’ स्वतःच्या आईवडिलांसाठी. काका, मामा अशा वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. आपल्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या मावसभावाला आज कुणी शिरसाष्टांग नमस्कार लिहीत नाही. ‘प्रिय दादा, सप्रेम नमस्कार’ पुरतं आणि शोभतंही. धाकट्या भावंडाला ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’. बरोबरीच्या बहिणीला नुसतं ‘प्रिय’.

उजवा कोपरा ही जुनी पद्धत झाली. ई-मेलच्या धर्तीवर सगळं डावीकडे लिहायची पद्धत दहावीला आली आणि तीच मुलं पुढे बारावीत येतात. ज्यांच्यासाठी पेपर लिहायचा त्यांच्या सूचना पाहाव्यात.

शिस्तप्रिय

आमच्या मुलांना अजून उजवीकडेच शिकवतात आणि त्यांचे गुण जात नाहीत.

गोदाकाठ

एक शंका. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या युवकभारतीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख आहेत. घरगुती पत्र त्यात कुठे येतं?

ओवी_मराठी

बरोबर, त्या पुस्तकात नाही. आमचा अभ्यासक्रम वेगळा आहे, त्यात आहे. शब्दमर्यादा दीडशेच्या आसपास.

वरचं वाचून मी काल एक नमुना लिहिला. मामेबहीण, तिच्याकडे खड्याच्या गौरी, यंदा ती येऊ शकली नाही, असं धरलंय. मोकळेपणाने सांगा.

> दि. ५ सप्टेंबर २०२५
>
> प्रिय मीनल,
> सप्रेम नमस्कार.
>
> यंदा तू आमच्याकडे गौरींना येणार होतीस, पण तुझं शिबिर आडवं आलं. म्हणून तू जे पाहिलं असतंस तेवढंच लिहिते.
>
> दरवर्षी गौरींना साड्या आजी नेसवते. या वेळी तिचे गुडघे दुखत होते. ती खुर्चीत बसून सांगत होती आणि आई आणि मी नेसवत होतो. तुमच्याकडे खडे पुजतात, त्यामुळे तुला गंमत वाटेल, पण उभ्या गौरींच्या पोटात गहू असतात! पत्र्याच्या कोठीत ते दाबून भरले नाहीत तर साडीच्या ओझ्याने कोठी कलते. धाकटीच्या निऱ्या लावत आलो आणि ती हळूच पुढे झुकली. सगळं सोडून पुन्हा भरलं. मुखवटे चढले तेव्हा दिवेलागण झाली होती.
>
> दारापासून देवघरापर्यंत पावलं ओजसने उमटवली. पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून टेकवायची आणि वर बोटांनी ठिपके द्यायचे. देवघरापाशी थांबायचं सोडून त्याने ती स्वतःच्या दप्तरापर्यंत नेली. लक्ष्मीने अभ्यासही करावा, असं त्याचं म्हणणं!
>
> दुसऱ्या दिवशी पुरणपोळी झाली आणि मंगळवारी गणपतीबरोबर गौरीही गेल्या. तुमचे खडे या वर्षी कुणी आणले? वाटेत बोलायचं नसतं, मग तू गप्प राहिलीस कशी, ते मला कळवच.
>
> मामा-मामींना नमस्कार.
>
> तुझी,
> अ. ब. क.

जुना_परीक्षक

हे पत्र झालं. तीन जागा मला विशेष आवडल्या. कोठी कलण्याचा प्रसंग दुसऱ्या कुणाच्या पत्रात येणार नाही. दुसऱ्या दिवसाची पूजा आणि जेवण तुम्ही अर्ध्या वाक्यात आटोपलं, कारण ते मीनलला माहीत आहे. मुलं नेमकी तिथे दहा ओळी घालवतात. आणि शेवटचा प्रश्न असा आहे की त्याला उत्तर आल्याशिवाय राहणार नाही. ‘तुझ्या पत्राची वाट पाहते’ या ओळीची मग गरजच उरत नाही.

तारीखही जुळते. २०२५ मध्ये आवाहन रविवारी ३१ ऑगस्टला होतं आणि विसर्जन मंगळवारी २ सप्टेंबरला. दोन-तीन दिवसांनी पत्र लिहिलं, हे पटतं.

दीडशेला हे जेमतेम बसतं. कापायचं असेल तर दप्तर आणि कोठी यांतलं एकच ठेवा. दोन्ही अर्धवट ठेवली की पुन्हा यादी होते.

कोकणकन्या

कोठी ठेवा! दप्तर गोड आहे, पण आजी खुर्चीत बसून सांगतेय यातच सगळं घर दिसतं.

शिस्तप्रिय

‘आलं’, ‘भरलं’, ‘झुकली’ ही बोलण्याची भाषा झाली. परीक्षेत ‘आले’, ‘भरले’ असं लिहायला हवं. गुण जातील.

जुना_परीक्षक

घरगुती पत्रात बोलण्याचं वळण चालावं, असं माझं मत. ‘झुकली’ तर दोन्हीकडे तेच राहतं. माझ्याबरोबर तपासणाऱ्यांतले काही जण ‘आलं’खाली रेघ मारत, काही मारत नसत. सरमिसळ मात्र सगळ्यांना खटकते : एका ओळीत ‘गेलं’, दुसरीत ‘गेले’. मूल प्रमाण लेखनात जास्त सहज लिहीत असेल तर त्याने तेच लिहावं, पण शेवटपर्यंत तेच.

बारावी_ब

मी स्वतः बारावीत आहे. आमचं घर मुसलमान, रत्नागिरीकडचं. दरवेळी या प्रश्नाला मी गणपतीवर लिहितो कारण नमुने सगळे त्याचेच असतात. शेजारी गणपती असतो, मी जातोही, पण ‘घरच्या सणाचं’ म्हटल्यावर अडतं. ईदवर लिहिलं तर चालेल का? चुलतभाऊ मुंबईला आहे, त्याला लिहिता येईल.

ओवी_मराठी

नक्की लिही. प्रश्नात सणाचं नाव नसेल तर घरी जो साजरा होतो तोच घरचा सण. पण तुझा चुलतभाऊ ईद जाणतो, तेव्हा शिरखुर्म्यात काय पडतं हे त्याला सांगू नकोस. तुमच्याकडे यंदा कोण आलं, काय बिघडलं, कोण हसलं, ते सांग.

बारावी_ब

यंदा शेजारच्या काकूंनी चंद्र आमच्या आधी पाहिला आणि गच्चीवरून ओरडून सांगितलं. तोपर्यंत अब्बा मोबाइलवर बातम्या शोधत होते. हे चालेल?

जुना_परीक्षक

पहिला परिच्छेद तिथूनच सुरू कर. आधी ईदचं महत्त्व लिहायला बसू नकोस. अब्बांना पत्रात ‘अब्बा’च म्हण, ‘वडील’ नको. नाहीतर भाऊ त्यांना जे म्हणतो ते वापर, म्हणजे ‘तुझे चाचा’ किंवा तुमच्याकडे जे म्हणत असतील ते. मोठ्या अम्मीला, काकांना सलाम कळव. ‘शिरसाष्टांग नमस्कार’ ओढून आणायची गरज नाही.

गोदाकाठ

पण सगळेच तपासणारे असा सलाम मायन्यात धरतील का? मला खात्री वाटत नाही.

ओवी_मराठी

मायन्यात ‘प्रिय’ आणि ‘सप्रेम नमस्कार’ ठेवलं आणि सलाम समारोपात घेतला तर कुणाची हरकत राहू नये असं वाटतं. तरी आमच्या विभागात विचारून इथे लिहीन. आणखी एक विचारायचं राहिलं : सहीनंतर ‘ता. क.’ लिहून ओजसचं दप्तर तिथे हलवलं, तर ते शब्दमर्यादेत मोजतात का? कुणी तपासलं असेल तर सांगा.