५० जणांसाठी स्क्रॅम्बल्ड एग्ज तासभर मऊ कशी ठेवायची? मदत हवी आहे

आमच्या मुलांच्या कॅम्पवर नाश्त्याला ५० जणांसाठी स्क्रॅम्बल्ड एग्ज करायची आहेत. भुर्जी नको, कांदा-टोमॅटो दिसला की अर्धी मुलं ताट बाजूला सारतात. माणशी दोन धरून १०० अंडी. मुलं साडेसात ते साडेआठ अशी रमतगमत येतात आणि स्वयंपाकाला एकच माणूस, त्यामुळे मागतील तशी ताजी करून देणं शक्य नाही. गॅसच्या दोन शेगड्या आहेत, वीज नाही.

सध्या २५-२५ अंड्यांचे घाणे मंद आचेवर करतो, ओलसर असतानाच उतरवतो, लोणी घालतो. मग स्टीलचा ट्रे उकळत्या पाण्यावर झाकून ठेवतो. वीसेक मिनिटं छान राहतात. नंतर तळाशी पाणी सुटतं, वरचा थर रबरी होतो आणि कडा हिरवट-करड्या पडतात. जास्त वेळ तापल्याने बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन हा रंग येतो, हे माहीत आहे. लोखंडी कढई सोडून स्टीलचं पातेलं घेतल्यावर तो कमी झाला, गेला नाही. दूध वाढवलं तर पाणी उलट जास्तच सुटलं.

आच कमी करायची तर अंडी ६० अंशांच्या खाली जाऊन चालणार नाहीत, मुलांचं खाणं आहे. मग खालचं पाणी नेमकं किती गरम ठेवता? २५ अंड्यांना कॉर्नफ्लोर किंवा घट्ट व्हाइट सॉस किती घालायचा, आणि रंगासाठी लिंबाचा रस किती, की चव कळणार नाही?